चकलीचं शीर्षक बदललं तेव्हा

"भाऊजी, व्ह्यूज वाढलेत, पण पैसे कमी आलेत. असं कसं?" जूनच्या पहिल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला, तो थेट या प्रश्नानंच. वहिनी सांगलीला असतात. सहा-सात वर्षांपासून यूट्यूबवर त्यांचा स्वयंपाकाचा चॅनल आहे. चॅनल फार मोठा नाही, पण त्यावरचा चार वर्षांपूर्वीचा एक व्हिडिओ त्यांचा कमावता मुलगा म्हणावा असा आहे. अकरा मिनिटांचा, भाजणीच्या चकलीचा. दिवाळीत तर तो धावतोच, पण एरवीही रोज थोडे थोडे लोक आणतो. त्याचं शीर्षक होतं :

चकली तुटते? भाजणीची चकली करताना होणाऱ्या ५ चुका | Bhajani Chakli Recipe in Marathi

मे महिन्याच्या सुट्टीत पुतण्याला हे शीर्षक 'जुनाट' वाटलं. त्यानं ते बदलून केलं : 'ही एक चूक कराल तर चकली बिघडलीच!' आणि पुढे डोळे विस्फारलेला एक पिवळा चेहरा. बाकी कशाला हात लावला नाही. व्हिडिओ तोच, मुखचित्र म्हणजे थंबनेल तेच, खालचं वर्णनही तेच. तरीही महिन्याभरात आकडे हलले, आणि हलले तेही असे उलटसुलट, की वहिनींना वाटलं यूट्यूबनं काहीतरी दंड केला.

दंड वगैरे काही नव्हता. ही समजूत बरीच पसरलेली आहे, म्हणून आधी तीच बाजूला करू. शीर्षक बदललं म्हणून व्हिडिओचा पत्ता बदलत नाही. व्ह्यूज, लाइक, कमेंट सगळं जागच्या जागी राहतं, आणि व्हॉट्सॲपवर पूर्वी पाठवलेली लिंकही चालू राहते. टॉम स्कॉट या ब्रिटिश यूट्यूबरनं २०२० मध्ये एक गमतीचा व्हिडिओ केला होता. त्याच्या शीर्षकात त्या व्हिडिओचाच व्ह्यूजचा आकडा लिहिलेला, आणि एक छोटा प्रोग्रॅम तो आकडा सतत ताजा करत राहणार. म्हणजे शीर्षक शेकडो वेळा बदललं. बदलण्याच्या कृतीलाच शिक्षा असती, तर तो व्हिडिओ पहिल्या आठवड्यातच गाडला गेला असता. प्रत्यक्षात त्याला कोट्यवधी लोकांनी पाहिलं. यूट्यूबचं स्वतःचं म्हणणंही हेच आहे, की यंत्रणा बदलाला प्रतिसाद देत नाही. बदलानंतर प्रेक्षक जसे वागतात, त्याला ती प्रतिसाद देते.

मग प्रेक्षक वेगळे का वागतात? कारण जुन्या, चालत्या व्हिडिओकडे लोक एकाच दारानं येत नाहीत, आणि प्रत्येक दारात त्या शीर्षकाचं काम निराळं असतं.

पहिलं दार शोधाचं. कुणीतरी सोऱ्या हातात घेऊन उभं आहे, तेलात चकलीचे तुकडे पडलेत आणि पिठाळलेल्या बोटानं फोनवर टाइप होतंय : chakli tutate kay karave. अशा वेळी यंत्रणा तीन गोष्टी बघते. लिहिलेले शब्द व्हिडिओच्या शीर्षकाशी, वर्णनाशी आणि आशयाशी किती जुळतात, तोच शोध घेऊन आलेल्या आधीच्या लोकांनी तो व्हिडिओ किती वेळ पाहिला, आणि त्या विषयात त्या चॅनलवर किती भरवसा ठेवता येतो. टॅगांना फारसं महत्त्व नसतं, शीर्षकाला मात्र असतं. आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. मराठी माणूस बोलतो मराठी, वाचतो देवनागरी, पण फोनवर टाइप करताना पुष्कळ वेळा रोमन लिपी वापरतो. म्हणून वहिनींच्या जुन्या शीर्षकाची ती शेपटी, Bhajani Chakli Recipe in Marathi, दिसायला गबाळी असली तरी कामाची होती. पुतण्यानं नेमकी तीच छाटली. 'भाजणी' हा शब्दही गेला. भाजणी शोधणाऱ्या माणसाला तांदळाच्या पिठाची झटपट चकली नकोच असते, त्यामुळे या शोधात त्या एका शब्दाला भलतंच वजन होतं.

जाता जाता एक बारीक गोष्ट. शीर्षकाला यूट्यूबवर १०० वर्णांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी हे सगळे वेगळे वर्ण मोजले जातात. 'भाजणीची चकली' ही आपल्या डोळ्यांना सात अक्षरं, पण मधली मोकळी जागा धरून यंत्राच्या हिशेबी बारा. त्यामुळे मराठी शीर्षक वाटतं त्यापेक्षा लवकर भरतं. शिवाय फोनच्या पडद्यावर दोनेक ओळींनंतर ते तुटतं. म्हणून महत्त्वाचा शब्द पुढे आणि रोमन शेपटी शेवटी, हा क्रम शहाणपणाचा. शेपटी माणसाला दिसली नाही तरी शोधयंत्र ती वाचतं.

दुसरं दार मुखपृष्ठाचं आणि 'यानंतर पाहा'चं, म्हणजे होम आणि सजेस्टेड. इथे माणसानं काहीच मागितलेलं नसतं. तो जेवणानंतर पडल्या पडल्या अंगठा सरकवत असतो, आणि यंत्रणा त्याच्यापुढे काय मांडायचं ते त्याच्या आवडीवरून ठरवते. या दारात शीर्षक म्हणजे जुळणारे शब्द नव्हेत. ते चित्राच्या जोडीनं दिलेलं एक आश्वासन असतं : आत ये, तुला अमुक मिळेल. 'भाजणीची चकली करताना होणाऱ्या ५ चुका' हे अशा वेळी अभ्यासक्रमासारखं वाटतं. 'ही एक चूक' हे शेजारणीनं कुंपणावरून सांगितल्यासारखं. अंगठा दुसऱ्यावर थांबणार, यात नवल नाही.

आश्वासन पाळलं जातं की नाही, याचाही हिशेब ठेवला जातो. गूगलच्या तीन अभियंत्यांनी २०१६ मध्ये यूट्यूबच्या शिफारस यंत्रणेवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात आधी लाखो व्हिडिओंतून काहीशे निवडायचे आणि मग त्यांची क्रमवारी लावायची, अशा दोन पायऱ्या सांगितल्या आहेत. क्रमवारी लावताना नुसते क्लिक धरले तर फसवी शीर्षकं वर येतात, म्हणून किती क्लिक होतील यापेक्षा एकदा दाखवल्यावर किती वेळ पाहिला जाईल याचा अंदाज धरायचा, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यानंतर यंत्रणा पुष्कळ बदलली, पण हा कणा टिकून आहे. म्हणजे शीर्षकानं माणूस आत ओढला आणि दोन मिनिटांत तो बाहेर पडला, तर ती ओढ पुढे उपयोगी पडत नाही.

आता वहिनींचं खातं उघडू. आकडे मी हिशेबापुरते गोल करून घेतो. यूट्यूब स्टुडिओत ॲनालिटिक्समध्ये रीच म्हणून भाग असतो. तिथे इम्प्रेशन्स दिसतात, म्हणजे व्हिडिओचं चित्र किती वेळा लोकांच्या नजरेसमोर आलं ती संख्या. चित्र निदान अर्धं दिसलं पाहिजे आणि सेकंदाहून जास्त, तरच ते मोजलं जातं. शेजारी क्लिक-थ्रू रेट असतो, म्हणजे दिसलेल्या शंभरांपैकी किती जणांनी बोट लावलं.

शीर्षक बदलण्याआधीचे २८ दिवस घ्या. शोधात २०,००० वेळा दिसला, ९ टक्के लोक आत आले, म्हणजे १,८०० व्ह्यूज. होम आणि सजेस्टेड मिळून ३०,००० वेळा दिसला, ३ टक्के आले, म्हणजे ९००. एकूण २,७००. बदलानंतरच्या २८ दिवसांत शोधात तो ११,००० वेळाच दिसला, ८ टक्के आले, ८८० व्ह्यूज. होम-सजेस्टेडवर मात्र ७०,००० वेळा दिसला, दर ३.६ टक्के, २,५२० व्ह्यूज. एकूण ३,४००. म्हणजे ७०० व्ह्यूज वाढले. पुतण्या खूश झाला तो याच आकड्यावर, आणि त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. नव्या शीर्षकानं होमवर खरोखरच जास्त माणसं थांबवली होती.

पण ही माणसं थांबली किती वेळ? शोधातून येणारा सरासरी ५ मिनिटं पाहायचा. त्याला प्रमाण हवं होतं, भाजणी किती भाजायची ते हवं होतं, मोहन किती घालायचं ते हवं होतं. होमवरून येणारा पूर्वी ३ मिनिटं पाहायचा, नव्या शीर्षकानंतर २. कारण उघड आहे. शीर्षक म्हणालं एक चूक. व्हिडिओत पाच चुका आहेत, आणि पहिली दीड मिनिटावरच सांगून होते. ती ऐकली की माणसाचं काम झालं. आता गुणाकार करा. आधी १,८०० गुणिले ५ अधिक ९०० गुणिले ३, म्हणजे ११,७०० मिनिटं. नंतर ८८० गुणिले ५ अधिक २,५२० गुणिले २, म्हणजे ९,४४० मिनिटं. व्ह्यूज चौथ्या हिश्श्यानं वाढले आणि पाहण्याचा वेळ पाचव्या हिश्श्यानं घटला. यूट्यूबवर आठ मिनिटं किंवा जास्त लांबीच्या व्हिडिओत मधे जाहिराती लावता येतात. वहिनींनी एक चौथ्या मिनिटाला लावली होती, दुसरी आठव्याला. दोन मिनिटांत उठून जाणाऱ्याला त्यातली एकही दिसणार नाही. पैसे कमी का आले, याचं उत्तर इथे होतं.

मला स्वतःला त्या ९,४४० पेक्षा जास्त खटकले ते शोधातले ११,०००. होमची माणसं वळवाच्या पावसासारखी असतात, येतात तेव्हा धो धो येतात आणि थांबतात तेव्हा टिपूस नाही. शोध म्हणजे विहीर. रोज चार बादल्या देते, पण वैशाखातही देते. वहिनींचा व्हिडिओ चार वर्षांत bhajani chakli असल्या शोधांत वरच्या दोन-तीन जागांवर बसला होता. तो वर बसल्यामुळे लोक तो उघडत, पूर्ण पाहत, आणि पाहिल्यामुळे तो वरच राहत असे. शीर्षकातून शब्द गेल्यावर तो एकदम नाहीसा झाला नाही, कारण वर्णनात आणि बोलण्यात 'भाजणी' होतीच. पण दोन-तीन पायऱ्या खाली घसरला, आणि वरची जागा दुसऱ्या कुणाच्या चकलीनं घेतली. आता जुनं शीर्षक परत लावलं, तरी मधल्या महिन्यात त्या दुसऱ्या चकलीनं जमवलेले क्लिक आणि मिनिटं परत घेता येत नाहीत. जुन्या व्हिडिओची खरी जोखीम हीच आहे. नव्या व्हिडिओची गोष्ट वेगळी. व्हेरिटॅसियम चॅनलचे डेरेक म्युलर यांनी २०२१ मध्ये एका व्हिडिओत मोकळेपणानं सांगितलं होतं, की प्रसिद्ध केल्यानंतर आपण शीर्षकं आणि चित्रं बदलून बघतो. ते त्यांना परवडतं, कारण कालच टाकलेल्या व्हिडिओजवळ गमावण्यासारखं अजून काही साठलेलंच नसतं.

वहिनींचा पुढचा प्रश्न होता, "पण मग मुळात बदलायची बुद्धी झाली कशामुळे?" पुतण्यानं कारण सांगितलं : एप्रिलमध्ये क्लिक-थ्रू रेट साडेसहावरून साडेपाचवर आला होता. हे कारण मी इतक्या वेळा ऐकलंय, की त्यावर थोडं थांबतो. हा दर घसरला म्हणजे शीर्षक शिळं झालं, असं नसतं. यंत्रणा व्हिडिओ आधी त्यांना दाखवते ज्यांना तो आवडण्याची शक्यता जास्त. तो चालला की वर्तुळ मोठं करते. चकलीत रस असलेल्या हजार जणांना दाखवला आणि शंभर आले, तर दर १० टक्के. मग नुसताच स्वयंपाकात रस असलेल्या दहा हजारांना दाखवला आणि चारशे आले, तर दर ४ टक्के. दर निम्म्याहून खाली आला आणि प्रेक्षक चौपट झाले. अशा वेळी शीर्षक बदलणं म्हणजे पीक डोलायला लागलं म्हणून ते उपटून मुळं बघण्यासारखं. वहिनींचे एप्रिलचे आकडे काढले तर नेमकं हेच निघालं : होमवरची इम्प्रेशन्स वाढत होती. दोन्ही दारांचे दर वेगवेगळे पाहिले असते, तर कुठलाच घसरलेला दिसला नसता. होमचा वाटा वाढला की दोन्हींची सरासरी आपोआप खाली येते, एवढंच झालं होतं.

दुसरा चकवा थोड्या आकड्यांचा. समजा एका आठवड्यात व्हिडिओ २,००० वेळा दिसला आणि दर ५ टक्के आहे, म्हणजे १०० क्लिक. काहीही न बदलता पुढच्या आठवड्यात ते ८० होतील किंवा १२० होतील, निव्वळ योगायोगानं. तेव्हा मंगळवारी शीर्षक बदललं, शुक्रवारी ११५ दिसले आणि पेढे वाटले, यात अर्थ नाही. दर दोन-तीन दिवसांनी शीर्षक फिरवत राहणाऱ्याला तर कधीच काही कळत नाही. शोधाच्या दारात निदान तीन-चार आठवडे थांबावं लागतं.

तिसरा चकवा खास आपला, पंचांगाचा. चकलीचे आकडे दसऱ्यानंतर आपोआप चढतात आणि भाऊबीज झाली की कोसळतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शीर्षक बदलणारा प्रत्येक माणूस स्वतःला जादूगार समजतो. मागच्या वर्षीशी तुलना करायला जावं, तर तीही जपून करावी लागते, कारण लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होतं आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. दोन ऑक्टोबर शेजारी ठेवले तर एकात सगळा फराळ आहे, दुसऱ्यात निम्मा. तुलना करायची तर दिवाळीपासून मागे दिवस मोजून करावी. उकडीचे मोदक, तिळगुळाच्या वड्या, दहावीच्या निकालानंतरचे प्रवेश, पेरणी, सगळ्या विषयांना हा नियम लागू.

मग जुन्या व्हिडिओला कधीच हात लावायचा नाही का? लावायचा, पण कारण असेल तर. शीर्षकच खोटं ठरलं असेल तर लगेच लावायचा. सरकारी संकेतस्थळ बदललं आणि शीर्षकात अजून जुनी पद्धत आणि जुनं साल असेल, तर लोक ते साल बघून पुढे जातात. पण तिथेही आधी हे बघावं की आतली माहिती अजून लागू आहे का. नसेल तर नुसतं २०२२ चं २०२५ करणं ही फसवणूक आहे, आणि दुसऱ्याच मिनिटाला उठून जाणारा प्रेक्षक त्याची नोंद करून जातो. व्हिडिओत नसलेलं शीर्षकात सांगणाऱ्यांवर, विशेषतः ताज्या बातम्यांच्या विषयांत, भारतात कारवाई करू असं यूट्यूबनं डिसेंबर २०२४ मध्ये जाहीरही केलं आहे.

दुसरं कारण, व्हिडिओ होमवर भरपूर दिसतोय, पण त्याच दारातला त्याचा दर आपल्याच इतर व्हिडिओंपेक्षा महिनोन् महिने खाली आहे, आणि शोधातून जवळपास कुणी येतच नाही. अशा वेळी मोडण्यासारखं काही नसतं, तेव्हा बेलाशक बदलावं. यूट्यूबच्या सांगण्यानुसार निम्म्या चॅनलांचे आणि व्हिडिओंचे दर २ ते १० टक्क्यांत असतात. इतकी रुंद पट्टी बघता दुसऱ्याच्या दराशी तुलना करून काही हाती लागत नाही.

आणि तिसरं, मला सर्वांत आवडणारं कारण. ट्रॅफिक सोर्समध्ये शोधावर टिचकी मारली की लोक नेमके कोणते शब्द लिहून आले ती यादी दिसते. वहिनींच्या यादीत bhajani chakli, chakli tutate वगैरे अपेक्षित होतंच. पण पाचव्या-सहाव्या जागी होतं chakli mau ka padte. चकली मऊ का पडते! शीर्षकात 'मऊ' कुठेच नाही, तरी लोक त्यासाठी येत होते, कारण चौथी चूक तीच आहे : तेल पुरेसं तापायच्या आत चकली सोडणं. म्हणजे विहिरीला आणखी एक झरा होता आणि तो अर्धवट बुजलेला होता. अशा ठिकाणी शीर्षक बदलायचं ते भर घालण्यासाठी. ज्या शब्दांवर आज लोक येताहेत त्यातला एकही काढायचा नाही.

आम्ही बसून जे शीर्षक केलं ते असं :

भाजणीची चकली तुटते की मऊ पडते? ५ चुका | Bhajani Chakli Recipe in Marathi

'करताना होणाऱ्या' गेलं, त्याची जागा 'मऊ'नं घेतली. पुतण्याचं म्हणणंही आम्ही टाकून दिलं नाही. होमवर ओढ हवी, हे त्याचं बरोबरच होतं. फक्त ती शीर्षकातून आणण्याऐवजी चित्रातून आणायची ठरवली, कारण चित्र बदललं तरी शीर्षकातल्या शब्दांची जुळणी तशीच राहते. यूट्यूबनं २०२४ पासून एकाच व्हिडिओला तीन चित्रं लावून तपासायची सोय दिली आहे. ती वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी चित्रं दाखवते आणि जास्त क्लिक आणणाऱ्यापेक्षा जास्त पाहण्याचा वेळ आणणारं चित्र निवडते. पुतण्यानं एका चित्रात मधोमध तुटलेली चकली घेतली, दुसऱ्यात वाकवली तरी न मोडणारी, तिसऱ्यात जुनं चित्र. ही तपासणी मात्र शीर्षक बदलल्यावर पाच आठवड्यांनी सुरू केली, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळलं नसतं.

सप्टेंबरपर्यंत शोधातली इम्प्रेशन्स महिन्याला १७,००० पर्यंत परत आली. २०,००० अजून झालेली नाहीत. 'मऊ'वरून येणारे वाढले, पण bhajani chakli मध्ये ती दुसरी चकली अजून आमच्या वर बसलेली आहे. मी ती पाहिली. चांगली केली आहे.

स्टुडिओ जुनी शीर्षकं आठवणीत ठेवून दाखवत नाही. म्हणून वहिनींनी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागची चार पानं त्यासाठी घेतली आहेत : तारीख, जुनं शीर्षक, नवं शीर्षक, आणि दोन्ही दारांचे त्या दिवशीचे आकडे. परवा पुतण्यानं अनारशांच्या व्हिडिओचा विषय काढला. तोही जुना आहे, चालता आहे, आणि त्याचं शीर्षकही त्याला जुनाट वाटतं. वहिनींनी वही त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "आधी आजचे आकडे लिही. आणि काय करायचं ते दिवाळी झाल्यावर."